भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज त्रुटी काढून परत आलाय, पत्र नेमकं कसं लिहायचं?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. चार कुटुंबांनी मिळून आमच्याच जागेवर इमारत बांधली आहे. खाली वाहनतळ, वर चार मजले, एकूण आठ सदनिका, एक लिफ्ट. काम संपलं, रंगही झाला. भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला होता, तो परत आला. त्रुटी पत्रात दोनच ओळी आहेत: "परवानगीतील अटींची पूर्तता मुद्देनिहाय सादर करावी. सादर कागदपत्रांतील तपशील परस्परांशी जुळत नाहीत."

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसमधून गेलेलं मूळ पत्र असं होतं:

"महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर इमारतीचे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाले असून परवानगीतील सर्व अटींची पूर्तता करण्यात आली आहे. तरी भोगवटा प्रमाणपत्र मिळावे ही विनंती. सोबत: आवश्यक कागदपत्रे."

आर्किटेक्ट म्हणतात की तेच पत्र जरा वाढवून पुन्हा देऊ. मला मात्र या वेळी स्वतः वाचून, समजून सही करायची आहे, कारण मालक म्हणून पहिली सही माझी आहे. या पत्रात काय काय हवं? आणि "जुळत नाहीत" म्हणजे कुठे बघायचं?

शेखर_७१

ताई, एवढं टेन्शन घेऊ नका. अर्ज दिल्यावर ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रमाणपत्र मिळालं असंच धरायचं असतं. आमच्या नात्यात असंच झालं. शिवाय वीज मीटर आणि पाण्याची जोडणी झाली असेल, कर आकारणी झाली असेल, तर इमारत वापरात आहे हे त्यांनीच मान्य केलंय ना? तेच पत्रात ठासून लिहा.

ओळंबा

शेखरराव, मुदतीचं तुम्ही म्हणता ते काही नियमावल्यांमध्ये खरंच आहे. पण जिथे आहे तिथेही घड्याळ सुरू होतं ते *परिपूर्ण* अर्ज दाखल झाल्या दिवसापासून. मृण्मयीताईंच्या हातात त्रुटी पत्र आहे, म्हणजे तो अर्ज परिपूर्ण धरलाच गेला नाही. त्या मुदतीचा इथे उपयोग नाही. आणि कर आकारणी झाली म्हणून वापर अधिकृत ठरत नाही. कर विभाग भिंती उभ्या आहेत की नाहीत ते बघतो, जिन्यातून आठ कुटुंबं सुखरूप बाहेर पडतील का हे बघत नाही.

ताई, मी साइटवर आणि नंतर परवानग्यांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. तुमच्या पत्रात मला दिसतं ते असं: त्यात एकही विधान तपासता येण्याजोगं नाही. "सर्व अटी" म्हणजे कोणत्या? "पूर्तता करण्यात आली" म्हणजे कोणी केली, कधी, आणि कशावरून? भोगवट्याचं पत्र वाचणारा अधिकारी आपली विनंती वाचत नसतो. एका बाजूला परवानगी पत्र आणि दुसऱ्या बाजूला आपलं पत्र ठेवून तो एकेक ओळ जुळवत असतो. जी ओळ जुळत नाही तिथे त्याचं पेन थांबतं.

म्हणून पहिलं काम: बांधकाम परवानगीचं पत्र काढा आणि त्यामागची अटींची यादी बघा. किती अटी आहेत?

मृण्मयी_क

एकवीस. खरं सांगते, आज पहिल्यांदाच सगळ्या वाचल्या. काही अगदी सामान्य आहेत, राडारोडा हलवणं वगैरे. पण अट ९ आहे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची, १२ जिन्याच्या मोकळ्या रुंदीची, १४ अग्निशमनाच्या अंतिम ना-हरकतीची आणि १७ संरचना अभियंत्याच्या स्थैर्य प्रमाणपत्राची.

गौरी_प

मधेच विचारते, माफ करा. मी सदनिका घेतली आहे, आणि आमच्या बिल्डरने आर्किटेक्टचा "काम पूर्ण झाल्याचा दाखला" दिला आहे. ते म्हणतात हेच भोगवटा. हे पत्र मी लिहायचं की त्यांनी? दोन महिन्यांत जुनं घर सोडायचंय, खूप काळजी वाटते.

ओळंबा

गौरीताई, तो दाखला म्हणजे आर्किटेक्टने "मी पाहिलं, काम झालं" असं प्राधिकरणाला सांगणं. त्यावर प्राधिकरण तपासणी करून जे देतं ते भोगवटा प्रमाणपत्र. पहिला कागद दुसऱ्याच्या अर्जाला जोडायचा असतो, तो त्याच्या जागी चालत नाही. अर्ज त्यांनीच करायचा आहे. तुम्ही त्यांच्याकडे अर्जाची पोच आणि त्यावरचा नोंद क्रमांक लेखी मागा. पोच दाखवत नसतील तर अर्ज गेलेलाच नाही असं समजून चला आणि तोवर जुनं घर सोडू नका. पुढचं वेगळा धागा काढून विचारा, तिथे सविस्तर बोलू.

मृण्मयीताई, तुम्ही नेमक्या चारही महत्त्वाच्या अटी काढल्यात. आता प्रत्येक अटीसमोर तीन गोष्टी लिहा: काय केलं, कशावरून म्हणता (कोणता कागद, कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा), आणि मंजुरीपेक्षा काही वेगळं झालं असेल तर किती. हा तिसरा रकाना बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच अर्ज अडकतो.

जुनी_फाइल

मी अशा अर्जांच्या टेबलाच्या पलीकडे बसत असे, आता निवृत्त आहे. ओळंबा यांनी बरोबर सांगितलं. त्यात क्रियापदाचं एक सांगतो. अर्ज हातात आला की मी आधी क्रियापदं बघायचो. "पर्जन्यजल पुनर्भरणाची व्यवस्था करण्यात येईल." येईल? मग आत्ता कशाला आलात? परवानगीच्या अर्जातली वाक्यं तशीच उचलून भोगवट्याच्या पत्रात टाकलेली असतात, तिथे भविष्यकाळ तसाच राहून जातो. हमीपत्रातही हेच. ज्या गोष्टी पुढे चालू ठेवायच्या आहेत, म्हणजे टाकी साफ ठेवणं किंवा वाहनतळ बंद न करणं, त्यांना "ठेवू" चालेल. जे आज पूर्ण असायला हवं त्याला "केले आहे" हवं, तारखेसकट.

आणि "सोबत: आवश्यक कागदपत्रे" असं कधीही लिहू नये. फाइलमधून एखादा कागद गळाला तर तो तुम्ही दिला होता हे सिद्ध कशाने करणार? अनुक्रमांक, कागदाचं नाव, क्रमांक, तारीख, पानं. पोच घेताना त्या यादीवरच शिक्का घ्यावा.

मृण्मयी_क

कालचा अख्खा दिवस सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. जुळत नाही ते सापडलं असं वाटतंय, आणि थोडी घाबरले आहे.

१. मंजूर नकाशात गच्चीवरची टाकी १०,००० लिटरची. अग्निशमनाच्या पहिल्या पत्रात वेगळी १०,००० लिटरची टाकी मागितली होती, म्हणून प्रत्यक्षात मधे भिंत घालून एकूण २०,००० लिटरची टाकी बांधली. अग्निशमनाच्या अंतिम पत्रात ती आहे. पण स्थैर्य प्रमाणपत्रात "मंजूर नकाशाप्रमाणे" एवढंच आहे.

२. अग्निशमनाच्या पत्रात इमारतीचं वर्णन "तळमजला + ४" आहे आणि नकाशावर "वाहनतळ मजला + ४".

३. जिना. नकाशावर मोकळी रुंदी १.५० मीटर. काल टेप घेऊन गेले, भरतेय १.४१. कंत्राटदार म्हणतात स्लॅब दीड मीटरचाच ओतलाय, हवं तर दाखवतो.

ओळंबा

घाबरू नका, तिन्हींना वाट आहे, फक्त तिन्हींचं वजन सारखं नाही.

दुसरं सगळ्यात सोपं. एकाच मजल्याला दोन कागदांत दोन नावं पडली आहेत. पत्रात एक वाक्य लिहा की अग्निशमन पत्रातील "तळमजला" म्हणजेच मंजूर नकाशातील "वाहनतळ मजला" होय, त्या पातळीवर एकही सदनिका नाही. जमलं तर अग्निशमन विभागाकडून शुद्धिपत्रकही घ्या.

तिसऱ्यात कंत्राटदार खोटं बोलत नाहीयेत आणि तुमची टेपही चुकत नाहीये. स्लॅब १५०० मिलिमीटरचा ओतला. भिंतीला प्लास्टर चढलं, साधारण १५. त्यावर कमरेच्या उंचीपर्यंत दगडाची पट्टी लावली असणार, चिकटवणीसकट २५ धरा. दुसऱ्या बाजूला कठड्याचे खांब पायरीच्याच पृष्ठभागावर बसवले असतील तर कठड्याची आतली कड काठापासून ५० आत येते. १५, २५ आणि ५० मिळून ९०. पंधराशेतून नव्वद गेले, राहिले १४१०. तुमचे १.४१ असे आले. नकाशावर "मोकळी रुंदी" असं लिहिलं असेल तर ती सगळं फिनिशिंग झाल्यावरची असते आणि स्लॅब ओतताना तेवढी जागा जास्त धरायची असते. ती इथे धरली गेली नाही.

तुम्ही कुठे कुठे मोजलंत?

मृण्मयी_क

पहिल्या मजल्यावर एकदाच, मधल्या पायरीवर.

दगडाची पट्टी आहे, हो. माझ्या सासूबाईंनी हौसेने निवडली होती.

ओळंबा

प्रत्येक मजल्यावर, दोन्ही बाजूंच्या जिन्यांवर, खाली-मधे-वर अशी तीन ठिकाणी मोजा. टेप भिंतीला काटकोनात धरा, तिरकी गेली की आकडा फुगतो. एक टोक दगडाच्या पट्टीवर, दुसरं कठड्याच्या आतल्या कडेला. पत्रात *सर्वांत कमी* भरलेला आकडा लिहायचा, सरासरी नाही. तपासणीला येणारा माणूस अरुंद जागाच शोधतो आणि त्याचं ते कामच आहे.

मग दुरुस्ती. पट्टी काढली की २५ परत मिळतात. वर-खाली जाणाऱ्या दोन जिन्यांच्या मधे फट किती आहे?

मृण्मयी_क

१०० मिलिमीटर.

ओळंबा

उत्तम. कठडा पायरीवरून काढून स्लॅबच्या बाजूच्या कडेला ब्रॅकेटने बसवा, म्हणजे तो मधल्या फटीत जाईल. ४० मिलिमीटरचा पाइप फटीच्या मधोमध आला तर दोन्हीकडे ३० मिलिमीटर राहतात. पायरीवरची रुंदी होईल १४८५, आणि कठड्याच्या उंचीवर भिंतीपासून पाइपपर्यंत १५१५. ब्रॅकेटचे बोल्ट कडेच्या फार जवळ घेऊ नका, काँक्रीटचा टवका उडतो. आणि बसवून झाल्यावर दोघांनी जोरात ओढून बघा. रुंदीपायी कठडा हलता राहिला तर एक दोष काढून दुसरा घातल्यासारखं होईल.

शेखर_७१

पण १४८५ आणि १५०० मधे फरक तो किती? बोटाएवढा. पत्रात १.५० लिहून टाका, तेवढ्यासाठी कोण बघतंय. नाहीतर "किरकोळ फरक वगळता" असं लिहा.

जुनी_फाइल

शेखर, असं करू नका, कळकळीने सांगतो. १५ मिलिमीटरला सवलत मिळेल की नाही हे त्या त्या नियमावलीतल्या सहनमर्यादेवर ठरतं आणि ते ठरवणं अधिकाऱ्याचं काम आहे. तुम्ही १.४८५ लिहिलंत तर तो विचार करू शकतो. १.५० लिहिलंत आणि टेपने १.४८५ भरलं, तर मुद्दा पंधरा मिलिमीटरचा राहत नाही. लेखी विधान चुकीचं ठरतं आणि मग पत्रातल्या बाकीच्या वीस विधानांवरही विश्वास राहत नाही. मी स्वतः अशा वेळी अख्खी फाइल पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायचो.

"किरकोळ", "नगण्य" हे शब्द अर्जदाराने वापरूच नयेत. आकडा लिहावा.

मात्र ओळंबा, तुमच्या १५१५ शी मी सहमत नाही. मोकळी रुंदी पायरीवर मोजायची, पाय तिथे पडतो.

ओळंबा

मी दोन्ही पद्धती पाहिल्या आहेत. गर्दीत माणसाचे खांदे आणि कोपर अडतात, म्हणून काही ठिकाणी भिंत ते कठडा असं अंतर धरतात आणि कठड्याचा ठरावीक भाग आत आला तरी चालवून घेतात. म्हणून मी म्हणतो, दोन्ही आकडे पत्रात द्या, कुठे मोजले ते लिहा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

आता टाकी, हे सगळ्यात जड प्रकरण. १०,००० लिटर जास्तीचं पाणी म्हणजे १० टन, वर टाकीच्या भिंती आणि तळ वेगळे. हे सगळं इमारतीच्या माथ्यावर, बहुधा जिन्याच्या आसपासच्या चार खांबांवर. "मंजूर नकाशाप्रमाणे" म्हणणारं प्रमाणपत्र या वजनाबद्दल काहीच सांगत नाही, कारण मंजूर नकाशात ते वजनच नाही. त्या खांबांचा आराखडा सुधारला होता का? सुधारित कागद असेल तर त्याची तारीख गच्चीचा स्लॅब ओतण्याच्या आधीची आहे का? एवढं शोधा.

फायरलाइन_दत्ता

अग्निशमनाची कामं करतो म्हणून एक भर. टाकीत मधे भिंत घातलीय ती ठीक, पण घरवापराचं पाणी आणि आगीसाठीचं पाणी एकमेकांत मिसळणारी नळी राहिली नाही ना ते बघा. बऱ्याच ठिकाणी भिंतीत तळाशी भोक ठेवतात आणि मग उन्हाळ्यात घरवापरात आगीचंही पाणी संपतं. तपासणीच्या दिवशी टाकी भरलेली ठेवा. पंप वीज बंद करून दुसऱ्या पुरवठ्यावर चालवून दाखवा. अंतिम पत्र मिळालेलं असलं तरी आदल्या दिवशी एकदा सुरू करून बघाच, सहा महिने न चालवलेला पंप जाम होतो.

मृण्मयी_क

दत्ताभाऊ, बघितलं. भोक नाहीये, दोन्ही कप्प्यांचे नळ वेगळे आहेत.

सुधारित आराखडा सापडला! चार खांब आणि दोन तुळया, कोपऱ्यात टाकीचं वजन २०,००० लिटर धरल्याची नोंद, आणि तारीख गच्चीच्या स्लॅबच्या दोन महिने आधीची. पण आता नवीन अडचण. पाया ते तिसरा स्लॅब एका संरचना अभियंत्यांनी पाहिला. ते काम सोडून परगावी गेले. पुढचं दुसऱ्यांनी, सुधारित आराखडाही त्यांचाच. स्थैर्य प्रमाणपत्रावर फक्त दुसऱ्यांची सही आहे आणि ती पूर्ण इमारतीसाठी आहे. हे बरोबर आहे का? पाया तर त्यांनी पाहिलाच नाही.

ओळंबा

तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. माझं मत: पहिल्या अभियंत्यांकडून त्यांच्या देखरेखीपुरतं लेखी घ्या, पाया ते तिसरा स्लॅब, तारखांसह. दुसऱ्यांनी पुढच्या भागासाठी द्यावं आणि वाढीव वजन खालच्या खांबांना आणि पायाला पेलतं अशी गणना जोडावी. कारण १० टन गच्चीवर ठेवले तरी ते उतरतात पायातच, फक्त वरचे खांब जाड करून भागत नाही.

जुनी_फाइल

मी याच्या विरुद्ध आहे. दोन अर्ध्या प्रमाणपत्रांनी एक पूर्ण इमारत होत नाही. उद्या काही झालं तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या भागाकडे बोट दाखवणार. सध्याच्या अभियंत्यांनी पूर्ण जबाबदारी घ्यावी. पण न पाहिलेल्या भागाची जबाबदारी कशाच्या आधारावर घेतली ते लिहावं: त्या काळातले काँक्रीटच्या ठोकळ्यांचे २८ दिवसांचे चाचणी अहवाल, जोते तपासणीचा दाखला, आणि शंका असेल तर खांबांवर हातोडा चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी. नुसती सही नको.

ओळंबा

ते अहवाल हवेतच, त्यात वाद नाही. पण पायाचं लोखंड मातीआड गेलं, ते त्या दिवशी उभं राहून पाहणाऱ्या माणसाच्या शब्दाला दुसरा पर्याय नाही. मी दोन्ही जोडीन: पहिल्यांचं देखरेख पत्र आणि दुसऱ्यांचं आधारासह पूर्ण प्रमाणपत्र. प्राधिकरण कोणतं ग्राह्य धरेल ते इथून सांगता येणार नाही. ताई, त्या विभागात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा.

मृण्मयी_क

पहिल्या अभियंत्यांशी फोनवर बोलले. त्यांनी लगेच होकार दिला, त्यांच्याकडे तारखांची वही अजून आहे. दुसरे खालच्या खांबांची गणना देणार आहेत.

जिन्याचं काम आठवड्यात झालं. सासूबाईंना वाईट वाटलं, पण पट्टी काढताना त्या स्वतः उभ्या होत्या आणि "मला गुडघे धरून उतरायला कठडा पक्का हवा" म्हणून त्यांनीच तो ओढून पाहिला. चोवीस ठिकाणी मोजलं. सर्वांत कमी १.४८२ भरलं, तिसऱ्या मजल्यावर, तिथे प्लास्टर जरा जाड आहे.

नवीन पत्राचा मसुदा खाली देते. अटी सगळ्या टाकत नाही, वादाच्या तेवढ्याच.

> प्रति,
> मा. सक्षम अधिकारी, इमारत परवानगी विभाग
>
> विषय: वाहनतळ मजला + ४ मजले (८ सदनिका) या निवासी इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळणेबाबत.
> संदर्भ: १) बांधकाम परवानगी क्र. …, दि. … २) जोते तपासणी दाखला क्र. …, दि. … ३) आपले त्रुटी पत्र क्र. …, दि. …
>
> महोदय,
> संदर्भ १ अन्वये मंजूर झालेल्या इमारतीचे बांधकाम दि. … रोजी पूर्ण झाले आहे. संदर्भ ३ मधील त्रुटींच्या अनुषंगाने परवानगीतील अट क्र. १ ते २१ यांची मुद्देनिहाय पूर्तता परिशिष्ट अ मध्ये, मंजुरीपेक्षा प्रत्यक्षात झालेले बदल परिशिष्ट ब मध्ये आणि कागदपत्रांची यादी परिशिष्ट क मध्ये सादर करीत आहोत.
>
> परिशिष्ट अ (उतारा)
> अट ९: गच्चीवरील पावसाचे पाणी दोन नळ्यांद्वारे गाळणीतून शोषखड्ड्यात सोडले आहे. दि. … रोजी पाणी ओतून चाचणी घेतली. आर्किटेक्टचा दाखला अनु. ११, छायाचित्रे अनु. १२.
> अट १२: जिन्याची मोकळी रुंदी मंजुरीप्रमाणे १.५० मी. हवी. प्रत्यक्ष रुंदी परिशिष्ट ब मध्ये.
> अट १४: अग्निशमन अंतिम ना-हरकत अनु. ७. त्यातील "तळमजला" म्हणजे मंजूर नकाशातील वाहनतळ मजला होय. या मजल्यावर सदनिका नाही.
> अट १७: स्थैर्य प्रमाणपत्र अनु. ८. पाया ते तिसऱ्या स्लॅबपर्यंतचे देखरेख पत्र अनु. ९. ठोकळे चाचणी अहवाल अनु. १०.
>
> परिशिष्ट ब
> १. गच्चीवरील टाकी: मंजूर १०,००० लिटर, प्रत्यक्ष २०,००० लिटर. कारण: अग्निशमन विभागाच्या प्राथमिक पत्रातील मागणी. सुधारित संरचना आराखडा व पायापर्यंतची गणना अनु. ८ सोबत.
> २. जिना: मंजूर १.५० मी. प्लास्टर व कठड्यासह मोजणी २४ ठिकाणी. पायरीवर किमान १.४८२ मी. (तिसरा मजला), भिंत ते कठडा किमान १.५१२ मी. मोजणी तक्ता अनु. १४.
> वरील दोन बदल प्रत्यक्ष बांधकामाच्या नकाशात लाल रंगात दर्शविले आहेत. ते विचारात घेऊन निर्णय व्हावा, ही विनंती.
>
> वरील विधाने आम्ही स्वतः जागेवर पाहून व कागदपत्रांशी ताडून केली आहेत.
> मालकांच्या सह्या / आर्किटेक्टची सही व नोंदणी क्रमांक

जुनी_फाइल

पत्र चांगलं झालंय. दोन दुरुस्त्या. एक, शेवटचं वाक्य. स्थैर्याची गणना तुम्ही "ताडून" पाहिलेली नाही आणि पाहूही शकत नाही. ज्याचं ज्ञान ज्याला, त्याचं विधान त्याच्या नावावर. "जागेवरील मोजमापे व बदल आम्ही स्वतः पाहिले आहेत, तांत्रिक विधाने संबंधित तज्ज्ञांच्या जोडलेल्या प्रमाणपत्रांवर आधारित आहेत" असं लिहा. मालकाने अभियंत्याच्या विधानाची जबाबदारी स्वतःच्या सहीत ओढून घेऊ नये.

दोन, लिफ्टचं प्रमाणपत्र कुठे आहे? असेल तर मुदत बघा. अर्ज परत आल्यामुळे मधे वेळ गेला, तो कागद तेवढ्यात संपला असेल.

मृण्मयी_क

बघते. … मुदत पुढच्या महिन्यात संपतेय! नूतनीकरणाचा अर्ज आजच देते आणि त्याची पोचही जोडते. वाक्य बदललं.

शेखर_७१

मृण्मयीताई, मी आधी १.५० लिहा म्हणालो ते चुकीचं होतं. आमच्या नातेवाइकांना आज फोन केला, त्यांच्याकडे "मिळालं असं धरा" असं दाखवणारा कुठलाच कागद नाहीये. बँकेने परवा तोच मागितला म्हणे.

ओळंबा

शेखरराव, त्यांना सांगा की मूळ अर्जाची पोच शोधा आणि त्यानंतर काही पत्र आलं होतं का ते बघा. त्याच दोन कागदांवर त्यांचं ठरेल.

ताई, जोते तपासणी दाखल्याच्या तारखेवरही नजर टाका, ती जोत्यावरचं काम सुरू होण्याच्या आधीची हवी. ठोकळ्यांच्या अहवालातही स्लॅब ओतल्याची तारीख आणि चाचणीची तारीख यांत २८ दिवस आहेत का ते एकेक मोजा. आमच्या एका कामात अहवालातली चाचणी ओतल्यापासून १९व्या दिवशी झालेली निघाली होती. टंकनाची चूक होती, पण ते सिद्ध करायला प्रयोगशाळेची मूळ नोंद आणावी लागली.

मृण्मयी_क

मोजले. दुसऱ्या स्लॅबच्या अहवालात २८ नाही, ३१ दिवस आहेत. चालतं का?

ओळंबा

उशिरा झालेली चाचणी लवकर झालेल्यासारखी नसते, काँक्रीटची ताकद तोवर किंचित वाढते. तीन दिवसांनी मोठा फरक पडत नाही, पण आकडा अपेक्षित ताकदीच्या अगदी काठावर असेल तर अभियंत्यांना दाखवा आणि ३१ असंच लिहा.

मृण्मयी_क

काठावर नाही, बराच वर आहे. ३१ लिहिलं.

आज अर्ज दाखल केला. १९ अनुक्रमांकांच्या यादीवर पानापानाला शिक्का घेतला. दोन अभियंत्यांबद्दल विचारलं तर तिथल्या बाईंनी दोन्ही कागद ठेवून घेतले आणि "वरिष्ठ बघतील" म्हणाल्या. लेखी उत्तर मागितलं, दिलं नाही. तपासणी येत्या बुधवारी आहे. जिना कुठे मोजतात ते इथे येऊन सांगेन.